एक एलईडी, दोन चिपा

एलईडीची उघडझाप करायची आहे. 8085 या मायक्रोप्रोसेसरला आकडेमोड येते, पण प्रोग्रॅम ठेवायला त्याच्यात जागाच नाही. त्यासाठी बाहेरून ईप्रॉम, रॅम आणि एलईडीपर्यंत पोचायला 8255 जोडावी लागते. पत्त्याचे खालचे आठ बिट आणि डेटा एकाच पिनांवरून येतात, म्हणून लॅचही हवा. तिथली एक तार सैल झाली की तो भलत्याच पत्त्यावरची सूचना वाचतो आणि एलईडी ढिम्म!

8051 या मायक्रोकंट्रोलरमध्ये 4 केबी रॉम, 128 बाइट रॅम, टायमर, पोर्ट सगळं आतच. क्रिस्टल, रीसेट आणि 5 व्होल्ट मिळाले की पुरे. फक्त ईए पिन 5 व्होल्टला जोडायला विसरू नका, नाहीतर ती प्रोग्रॅम बाहेर शोधेल. मात्र तापमानाच्या एकेक बाइटच्या 200 नोंदी आतल्या रॅममध्ये मावणार नाहीत. 8085 मात्र 64 केबीपर्यंत मेमरी सहज हाताळतो.