छताचा पडलेला तुकडा काय सांगतो

शाळेच्या वर्गखोलीत छताचे प्लॅस्टर कोसळले आणि सुदैवाने कोणी जखमी झाले नाही, अशा बातम्या चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत नव्या नाहीत. या बातम्यांतील ‘कोणी जखमी झाले नाही’ हे वाक्य दिलासा देते, पण इमारतीच्या प्रकृतीविषयी ते काहीच सांगत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला ८०० आणि सहावी ते आठवीसाठी १००० अध्यापनाचे तास किमान ठरलेले आहेत, तर वर्षाचे एकूण तास ८७६० असतात. प्लॅस्टर पडण्याची वेळ कोणतीही असू शकते असे मानले, तर ते मुले खोलीत नसतानाच पडण्याची शक्यता सुमारे नऊ दशांश ठरते. मुले वाचतात ती बहुतांशी या हिशेबामुळे, स्लॅब मजबूत असल्यामुळे नव्हे. निवासी आश्रमशाळांत, जिथे दिवसा वर्ग भरतो त्याच खोलीत काही ठिकाणी रात्री मुले झोपतात, तिथे हा हिशेबही मुलांच्या बाजूचा राहत नाही.

त्यामुळे घटनेनंतरच्या पाहणीचा पहिला प्रश्न छताला किती मोठे भगदाड पडले हा नसून, खाली पडलेला तुकडा नेमका कशाचा आहे हा असतो. छताच्या खालच्या बाजूला गिलाव्याचा थर असतो. तो साधारण ६ मिलिमीटरचा असावा असे संकेत सांगतात, पण स्लॅबची सेंट्रिंग वाकडीतिकडी झाली असेल तर गवंडी तळ समपातळीत आणण्यासाठी तो १२, १५ किंवा २० मिलिमीटरपर्यंतही जाड करतो. गिलाव्याच्या वर काँक्रीटचा पातळ पदर असतो आणि त्या पदराच्या आत लोखंडी सळया असतात. सळयांना हवा-पाण्यापासून झाकणाऱ्या या पदराला कव्हर म्हणतात. पडलेल्या तुकड्याची वरची बाजू गुळगुळीत असेल, तिच्यावर गिट्टी दिसत नसेल आणि छताला उघडा पडलेला भागही कोरडा व करडा असेल, तर केवळ गिलावा सुटला आहे. काँक्रीटचा पृष्ठभाग छिन्नीने टोचे मारून खडबडीत न करता त्यावर गिलावा चढवला, की काही वर्षांनी असे होते. दोष खरा असतो, पण स्लॅब शाबूत असतो. याउलट तुकड्याच्या वरच्या बाजूला गिट्टी दिसत असेल, तपकिरी डाग असतील आणि सळईच्या आकाराची लांब खाच उमटलेली असेल, तर कव्हरच निखळले आहे आणि ते आतून ढकलून पाडण्याचे काम गंजाने केले आहे.

या दोन प्रकारांतील फरक वजनातही दिसतो. १२ मिलिमीटर जाडीच्या गिलाव्याचा एक फूट लांब, एक फूट रुंद तुकडा दोन किलोंच्या थोडा वर भरतो. त्याच्यासोबत २५ मिलिमीटर काँक्रीट आले, तर वजन साडेसात किलोंवर जाते. तीन मीटर उंचीच्या छतापासून जमिनीवर बसलेल्या मुलाच्या डोक्यापर्यंतचे अंतर दोन मीटरहून अधिक असते आणि तेवढ्यात पडणाऱ्या तुकड्याला ताशी २२ किलोमीटरहून अधिक वेग येतो.

गंज काँक्रीट कसे फोडतो हे समजून घेतल्याशिवाय पाहणीचे पुढचे टप्पे उलगडत नाहीत. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते आणि त्या अल्कतेमुळे सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत जातो आणि ही अल्कता कमी करत जातो. या क्रियेला कार्बोनेशन म्हणतात. अल्कता गेलेला थर सळईपर्यंत पोहोचला, की तिचे संरक्षण संपते आणि त्यानंतर ओलावा मिळाला की गंज सुरू होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असते, त्यामुळे सळई आतून फुगल्यासारखी होते, प्रथम तिच्या रेषेत बारीक तडा जातो आणि अखेरीस कव्हर सुटून पडते. वैनगंगा-वर्धेच्या या खोऱ्यात या क्रियेला हवामानाचीही साथ मिळते. उन्हाळ्यात चंद्रपूरचे तापमान ४७-४८ अंशांपर्यंत गेलेले आहे आणि त्यापाठोपाठ दणदणीत पावसाळा येतो. कोरड्या महिन्यांत कार्बोनेशन आत सरकते आणि ओल्या महिन्यांत गंज वाढतो. शिवाय ६ मीटर लांबीचा उघडा स्लॅब ३० अंशांच्या चढउताराने दीड ते दोन मिलिमीटर लांबतो-आखडतो, त्यामुळे छतावरच्या कोब्याला भेगा पडतात आणि पाण्याला वाट मिळते. कवेलूच्या छपराला हा रोग होत नाही, त्याचे रोग वेगळे. पण कवेलू काढून त्यांच्या जागी घातलेले सपाट छत दुर्लक्षित राहिले, तर त्याची किंमत अशी चुकवावी लागते.

आता एक नमुना खोली घ्यावी: बांधकाम ३६ वर्षांपूर्वीचे, मागच्या भिंतीलगत गळतीचा जुना डाग, आणि त्याच डागाखाली कव्हरसह पडलेला तुकडा. पाहणीला आलेला शाखा अभियंता प्रथम छतावर चढतो, कारण खालच्या रोगाचे मूळ बहुधा वर असते. पन्हळीत पाला साचला आहे का, पाणी कुठे तुंबते आणि कोबा कुठे फुगला आहे, हे तो पाहतो. मग खाली येऊन बांबूच्या टोकाला बांधलेल्या हातोडीने संपूर्ण छत हातभर अंतरावर ठोकून पाहतो. घट्ट भागातून खणखणीत आवाज येतो, सुटलेल्या भागातून बद्द आणि पोकळ. खडूने पोकळ भागाची सीमा आखली, की बहुतेक वेळा पडलेल्या भागाच्या कितीतरी पट मोठे क्षेत्र निघते. ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे आणि माहितीच्या दृष्टीने सर्वांत मोलाची. ती वगळून लिहिलेला अहवाल अहवाल म्हणून स्वीकारू नये.

यानंतर काँक्रीटच्या ताज्या फुटीवर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारतात. अल्कता शाबूत असलेला भाग गुलाबी होतो, अल्कता गेलेला भाग रंगहीन राहतो. या नमुना खोलीत रंगहीन थराची खोली २४ मिलिमीटर भरली असे धरू. कार्बोनेशनची खोली ढोबळपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ३६ चे वर्गमूळ ६, म्हणजे या काँक्रीटचा गुणक ४ झाला. येथे सळईवरचे कव्हर १६ मिलिमीटर असेल, तर कार्बोनेशन तिथे सोळाव्या वर्षीच पोहोचले होते, आणि उरलेली २० वर्षे सळई केवळ पाण्याची वाट पाहत होती. जिथे कव्हर ८ मिलिमीटरच राहिले, तिथे हे चौथ्या वर्षीच घडले: कव्हर निम्मे झाले की संरक्षणाचा काळ निम्मा होत नाही, चतुर्थांश होतो. काँक्रीट ओतताना सळयांखाली कव्हर ब्लॉक न ठेवता सळया थेट फळीवर टेकू देणे ही क्षुल्लक वाटणारी हयगय एका पिढीनंतर वर्गात अशी उतरते.

तिसरे मोजमाप सळईचे. गंज तारेच्या ब्रशने घासून काढल्यावर उरलेला व्यास व्हर्नियरने मोजतात. ८ मिलिमीटरची सळई ७ मिलिमीटर उरली असेल, तर ऐकायला एक मिलिमीटर गेला, पण भार पेलणाऱ्या छेदाचे क्षेत्रफळ २३ टक्क्यांनी घटले. इतकी झीज दिसली, तर जुन्या सळईला जोड देणे आवश्यक ठरते आणि तोवर स्लॅबला बल्ल्यांचा आधार द्यावा लागतो. रिबाउंड हॅमर या उपकरणाचा आकडा मात्र जपून वाचावा लागतो. हे उपकरण पृष्ठभागावर आपटून परत उसळते आणि उसळीवरून काँक्रीटच्या ताकदीचा अंदाज देते. पण कार्बोनेशन झालेला पृष्ठभाग अधिक कठीण असतो, त्यामुळे आजारी छताचा आकडा चांगला येऊ शकतो, आणि गिलाव्यावर घेतलेल्या आकड्याला तर काहीच अर्थ नसतो. अनुकूल स्थितीतही या अंदाजात २५ टक्क्यांपर्यंत चूक राहू शकते, हे भारतीय मानकानेच नमूद केले आहे.

पाहणीचा निष्कर्ष तीनपैकी एक असतो: खोली वापरण्यास योग्य, दुरुस्तीनंतर योग्य, किंवा धोकादायक. सर्वाधिक घात मधल्या निष्कर्षात होतो. गंजलेल्या सळयांवर नवा गिलावा चढवून रंग दिला, की छायाचित्रात खोली नवी दिसते, पण गंज थांबत नाही. काही पावसाळ्यांनी तोच भाग नव्या गिलाव्याचे वजन घेऊन पुन्हा पडतो. खरी दुरुस्ती वरून सुरू होते: आधी पाणी अडवायचे, मग सुटलेले काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायचे, सळई स्वच्छ करून तिला गंजरोधक लेप द्यायचा आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भाग भरायचा. त्यावर पुन्हा गिलावा करूच नये, नुसता चुना किंवा रंग द्यावा. वजन कमी होते आणि पुढचा तांबडा डाग लपत नाही.

धोकादायक ठरलेली खोली पाडण्यासाठी निर्लेखन, म्हणजे ती शासकीय मालमत्तेच्या नोंदीतून कमी करण्याची मंजुरी, लागते. ती येईपर्यंत खोलीला कुलूप लागते, पण तिचा व्हरांडा मोकळाच राहतो आणि पावसात मुले त्याच व्हरांड्यात थांबतात. दोन खोल्यांच्या शाळेत एक खोली बंद झाली, की सगळे वर्ग दुसऱ्या खोलीत किंवा समाजमंदिरात भरतात आणि बंद खोली पुन्हा उघडण्याचा दबाव शिक्षकावर येतो. भामरागडसारख्या भागात पर्लकोटा नदीला पूर आला की अभियंता पोहोचतच नाही. तोवर निर्णय मुख्याध्यापकालाच घ्यावा लागतो, आणि तो खोली बंद ठेवण्याचाच असला पाहिजे.

ही सावधगिरी अनाठायी नाही. २८ ऑगस्ट २०१७ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषद शाळेचे छत कोसळून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथे शाळा कोसळून सात मुले गेली. त्याआधी छतातून खडे पडत होते, असे वाचलेल्या मुलांनी सांगितल्याच्या बातम्या आल्या. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने राज्यांना शाळा इमारतींच्या सुरक्षा तपासणीचे निर्देश दिले. शालेय इमारती राष्ट्रीय इमारत संहितेनुसार सुरक्षित असल्या पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच अविनाश मेहरोत्रा प्रकरणात बजावले होते.

शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्येने असतात. त्यांनी पडलेला तुकडा झाडून फेकू देऊ नये. तारीख टाकून तो जपून ठेवावा आणि पाहणी अहवालात पोकळ क्षेत्र, कार्बोनेशनची खोली आणि सळईचा उरलेला व्यास हे तीन आकडे स्वाक्षरीसह लेखी मागावेत. हे आकडे नसलेला ‘इमारत सुस्थितीत आहे’ असा शेरा मान्य करून खोलीचे कुलूप उघडू नये.