औषधाची ओळ सोपी करायची नसते
व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांशी झालेल्या दहा मिनिटांच्या बोलण्यातले रुग्णाच्या ध्यानात थोडेच राहते. म्हणून त्या ध्वनिमुद्रणावरून साध्या भाषेत टिपण करून दिले जाते. आजार, पथ्य, पुढची तपासणी हे सगळे त्यात सोपे करून लिहिता येते. औषधाचे नाव, मात्रा आणि घेण्याचा दिवस मात्र शब्दशः उतरवावा लागतो.

समजा, आमवाताची एक रुग्ण म्हणते, "मेथोट्रेक्सेट साडेसात घेते, दर रविवारी. दुखलं की डायक्लोफेनॅकही घेते." डॉक्टर उत्तर देतात, "साडेबारा करू या… नको, आधी दहाच. रविवारीच घ्या. फॉलिक ॲसिड पाच, बुधवारी. ती दुखण्याची गोळी बंद."

एवढ्याशा बोलण्यात मेथोट्रेक्सेटचे तीन आकडे आले आणि त्यांतला एकच खरा आहे. साडेसात ही जुनी मात्रा, साडेबारा हा मागे घेतलेला विचार. म्हणून टिपणकाराने आधी कोण बोलले ते पाहावे, मग डॉक्टरांचे शेवटचे वाक्य धरावे. डायक्लोफेनॅकचे नाव गाळूनही चालत नाही. ते 'बंद' या शीर्षकाखाली गेले नाही, तर घरातली उरलेली पाकिटे संपवली जातात.

खरा धोका 'रविवारी' या शब्दात आहे. मेथोट्रेक्सेट आमवातासाठी आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतले गेले, तर तोंडात व्रण येतात, रक्तपेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. 'रोजच्या गोळ्या' असे सोयीचे शीर्षक देऊन सगळी औषधे त्याखाली मांडणारे टिपण इथे घातक ठरते.

मराठी आकड्यांचा कानाला चकवा वेगळाच. दीड, अडीच, साडेसात यांतला अर्धा लिहिताना निसटतो; खराब आवाजात 'सात' आणि 'साठ' एकसारखे वाटतात. त्यामुळे मात्रा आकड्यात लिहून पुढे अक्षरीही लिहावी: १० (दहा) मिलिग्रॅम. '१०.०' लिहू नये. टिंब नजरेतून सुटले की शंभर होतात. नुसते 'चार गोळ्या' हेही अपुरेच, कारण ही गोळी २.५ मिलिग्रॅमची मिळते तशी १० मिलिग्रॅमचीही मिळते.

तयार ओळ अशी दिसते: मेथोट्रेक्सेट, १० (दहा) मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदाच, फक्त रविवारी. त्याखाली: फॉलिक ॲसिड, ५ (पाच) मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, बुधवारी. 'मिलिग्रॅम' हा शब्द डॉक्टर बोललेलेच नाहीत. तो त्यांच्या सहीच्या चिठ्ठीवरून घ्यायचा, अंदाजाने नव्हे. भारतात २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी अशी चिठ्ठी रुग्णाला पाठवायची असते. ध्वनिमुद्रण आणि चिठ्ठी जुळत नसतील, तर टिपणकाराने दोन्हींतले एक निवडू नये. ती ओळ कोरी ठेवून डॉक्टरांना विचारावे.

आणि रुग्णाला हातातले टिपण व चिठ्ठी यांत फरक दिसला, तर गोळी घेण्याआधी फोन करावा.