भाड्यावर कर कापला गेला, पण भाडं विवरणपत्रात आलंच नाही

‘भाडेकरूने कर कापूनच पैसे दिलेत, मग आता मी काय दाखवायचं?’ दुकानाचा गाळा भाड्याने दिलेल्या अनेक मालकांचा असा प्रामाणिक समज असतो. हाती आलेली रक्कम कर वजा जाऊन आली म्हणजे आयकर खात्याशी हिशेब मिटला, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात भाडेकरूने कापलेला कर, म्हणजे टीडीएस, ही मालकाच्या नावाने सरकारकडे जमा झालेली उचल असते. हिशेब मालकालाच करायचा असतो, आणि तो विवरणपत्रातच करायचा असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, कोल्हापुरातल्या एका प्राध्यापकांचा वडिलोपार्जित गाळा एका औषधविक्री कंपनीकडे महिना ३०,००० रुपये भाड्याने आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षात भाडं झालं ३,६०,००० रुपये. त्या वेळी वर्षाला २,४०,००० रुपयांहून जास्त भाडं देणाऱ्या कंपनीला १० टक्के कर कापणं बंधनकारक होतं. त्यामुळे कंपनीने ३६,००० रुपये कापून प्राध्यापकांच्या पॅनवर भरले. पगारातून प्रमाणित वजावट जाऊन त्यांचं करपात्र उत्पन्न होतं १२,२०,००० रुपये. त्यावरचा सगळा कर कॉलेजने कापला होता. त्यांनी कॉलेजचा फॉर्म १६ पुढे ठेवून नव्या करप्रणालीत विवरणपत्र भरलं. भाड्याचा फॉर्म १६ए कपाटातच राहिला. भाडं दाखवलं नाही आणि ३६,००० रुपयांचं श्रेयही मागितलं नाही.

आता खरा कर किती होता ते पाहू. दुकान असलं तरी मालकाला मिळणारं इमारतीचं भाडं ‘घरमिळकतीपासूनचं उत्पन्न’ या सदरातच जातं. ‘माझं तर दुकान आहे, घर नाही’ म्हणून बरेच जण हे सदर रिकामं सोडतात. एकूण भाड्यातून मालकाने स्वतः भरलेली महापालिकेची घरपट्टी वजा होते. ती १०,००० रुपये धरली, तर उरतात ३,५०,०००. त्यातून दुरुस्ती-देखभालीसाठी सरसकट ३० टक्के वजा होतात. त्यासाठी एकही पावती लागत नाही. म्हणजे १,०५,००० रुपये गेले आणि करपात्र भाडं उरलं २,४५,०००. प्राध्यापकांच्या उत्पन्नाचा हा वरचा थर त्या वर्षीच्या २० टक्क्यांच्या टप्प्यात येतो. कर ४९,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर, मिळून ५०,९६० रुपये. त्यातले ३६,००० कंपनीने आधीच भरलेत. म्हणजे बाकी होती फक्त १४,९६० रुपयांची.

टीडीएस आणि प्रत्यक्ष कर जुळत नाहीत, याचं कारण इथे दिसतं. भाडेकरू पूर्ण भाड्यावर सरधोपट १० टक्के कापतो. मालकाची घरपट्टी किती, त्याचा टप्पा कोणता, हे त्याला ठाऊक नसतं. २० किंवा ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या मालकाला वरून कर भरावा लागतो. उलट ५ टक्क्यांच्या टप्प्यातल्या मालकाचा कर कापलेल्या रकमेपेक्षा कमी निघतो आणि त्याला परतावा मिळू शकतो. बेताचं निवृत्तिवेतन आणि एका गाळ्याचं भाडं यावर जगणारे ज्येष्ठ नागरिक भाडं दाखवत नाहीत, तेव्हा अनेकदा ते स्वतःचेच पैसे सोडून देत असतात.

खात्याला हे कळतं कसं? कंपनी दर तिमाहीला टीडीएसचं विवरण भरते. त्यात मालकाचा पॅन, दिलेलं भाडं आणि कापलेला कर असतो. हीच नोंद मालकाच्या फॉर्म २६एएसमध्ये आणि वार्षिक माहितीपत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये उमटते. भाडं दाखवलेलं नसलं की तफावत संगणकालाच सापडते. आधी मोबाइलवर किंवा ई-मेलवर सूचना येते. दुर्लक्ष केलं तर पुढे नोटीस येऊ शकते.

याहून अवघड गाठ वेगळीच आहे. ऑनलाइन विवरणपत्रात टीडीएसचे आकडे आधीच भरून येतात. भाडं लिहायचं राहतं, पण ३६,००० रुपयांचं श्रेय मात्र तसंच राहतं आणि परतावा दिसू लागतो. मालकाला आनंद होतो. पण ज्या उत्पन्नावर कर कापला ते दाखवल्याशिवाय त्या कराचं श्रेय मिळत नाही. असं विवरणपत्र सदोष ठरवून खातं दुरुस्तीसाठी साधारण १५ दिवसांची मुदत देतं. परतावा खात्यात जमा झाला असला, तरी तो आपला झाला असं समजू नये.

चूक वेळेत लक्षात आली तर उपाय सोपा असतो. सुधारित विवरणपत्र भरायचं, भाडं आणि टीडीएस दोन्ही दाखवायचे, उरलेला कर व्याजासह भरायचा. २०२३-२४ साठी ही मुदत वाढून १५ जानेवारी २०२५ पर्यंत होती. प्राध्यापकांचं राहतं घरही स्वतःचं असेल, तर मिळकती दोन होतात. मग त्या वर्षासाठी आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो.

ती मुदत गेल्यावर उरतं ते अद्ययावत विवरणपत्र, म्हणजे आयटीआर-यू. इथे कर आणि व्याजाच्या बेरजेवर जादा कर द्यावा लागतो. २०२३-२४ साठी ३१ मार्च २०२६ पर्यंत २५ टक्के, ३१ मार्च २०२७ पर्यंत ५० टक्के, आणि त्यापुढच्या दोन वर्षांत ६० व ७० टक्के. दिलासा इतकाच, की भाड्यावर कापलेला टीडीएस आधी वजा होतो. प्राध्यापकांनी मार्च २०२६ मध्ये हे केलं असतं, तर १४,९६० रुपयांवर सुमारे चार हजार व्याज आणि त्या बेरजेवर पाव हिस्सा जादा कर, असे साधारण २४,००० रुपये गेले असते. एप्रिल उजाडला की हाच आकडा २९,००० च्या घरात जातो.

मात्र परतावा मागण्यासाठी आयटीआर-यू भरता येत नाही. त्यामुळे ज्यांचा टीडीएस करापेक्षा जास्त आहे, त्यांनी सुधारित विवरणपत्राची मुदत चुकवणं सर्वांत महागात पडतं.

आणि काहीच केलं नाही तर? खात्याने उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड लावला, तर तो कराच्या ५० टक्के असतो, आणि जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर २०० टक्के. इथे दंड मोजताना टीडीएस वजा होत नाही. तो १४,९६० वर नाही, ५०,९६० वर बसतो. म्हणजे कमीत कमी २५,४८० रुपये, आणि कर व व्याज वेगळंच.

एप्रिल २०२५ पासून टीडीएसची मर्यादा महिना ५०,००० रुपये भाड्यावर गेली आहे. त्यामुळे ३०,००० भाडं देणारी कंपनी आता कर कापणार नाही. मालकाची जबाबदारी मात्र तसूभरही कमी झालेली नाही. वर्षाअखेरीचा सगळा कर आता त्यालाच भरायचा आहे. म्हणून विवरणपत्र भरायला बसताना, किंवा सीएकडे कागद देताना, फॉर्म १६ सोबत भाड्याचं बँक पासबुक, घरपट्टीची पावती आणि एआयएसची प्रत जरूर ठेवा. आणि मागच्या वर्षांचं भाडं राहून गेलं असेल, तर खात्याने विचारायच्या आत आजच हिशेब काढायला घ्या.