कव्हर लेटरमधला ताळा

ज्युनिअर डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी येणाऱ्या अर्जांत एक वाक्य हटकून सापडतं : ‘मला एसक्यूएलचं उत्तम ज्ञान असून जॉइन, सबक्वेरी, सीटीई आणि विंडो फंक्शन मी वापरू शकतो.’ वाक्य खोटं नसतं. अडचण अशी की शेजारच्या अर्जातही तेच असतं, कारण दोघांचाही अभ्यासक्रम तोच आणि कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारा पत्राचा नमुनाही तोच. वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की उमेदवार त्या विषयात पास झाला आहे. ते तर गुणपत्रिकेतही दिसतं.

फ्रेशरकडे नोकरीचा अनुभव नसतो, म्हणून अभ्यासक्रमातला प्रोजेक्ट हाच त्याचा पुरावा. तो पत्रात मांडायचा कसा, हे एका खऱ्या डेटाबेसवर करून पाहू.

एसक्यूएल शिकवताना जगभर वापरला जाणारा एक नमुना डेटाबेस आहे, चिनूक. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ‘नॉर्थविंड’ला पर्याय म्हणून तो तयार झाला आणि नावातही वारा कायम राहिला : चिनूक हे उत्तर अमेरिकेतल्या एका वाऱ्याचं नाव. त्यात गाणी विकणाऱ्या एका काल्पनिक ऑनलाइन दुकानाची माहिती आहे. ११ टेबलं, ५९ ग्राहक, ४१२ बिलं आणि ३,५०३ गाणी-व्हिडिओ. बहुतेक गोष्टींची किंमत ०.९९, काहींची १.९९. ग्राहकांत दोन भारतीयही आहेत, एक दिल्लीचा आणि एक बंगळुरूची.

समजा, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने यावर प्रोजेक्ट केला : कोणत्या देशात किती विक्री झाली? पुण्यातल्या एका रिटेल कंपनीची जाहिरात आली आहे. काम आहे शाखानिहाय विक्रीचे मासिक अहवाल तयार करण्याचं. प्रोजेक्ट आणि काम यांचं नातं उघड आहे. तरी तिच्या पहिल्या मसुद्यात असतं ते असं : ‘चिनूक डेटाबेसवर सेल्स अ‍ॅनालिसिस प्रोजेक्ट केला. अमेरिका हा सर्वाधिक विक्रीचा देश असल्याचं शोधून काढलं.’

हे शोधून काढलेलं वाक्यच पत्राला मारतं, आणि ते का, हे समजण्यासाठी जरा आकड्यांत शिरावं लागेल.

पहिला सापळा बेरजेचा. चिनूकमध्ये बिलाची एकूण रक्कम `Invoice` या टेबलात असते आणि बिलातली एकेक ओळ, म्हणजे विकलं गेलेलं एकेक गाणं, `InvoiceLine` मध्ये. गाण्यांपर्यंत पोहोचायचं म्हणून विद्यार्थी दोन्ही टेबलं जोडतो आणि सवयीने रकमेची बेरीज घेतो :

```sql
SELECT SUM(i.Total)
FROM Invoice i
JOIN InvoiceLine l
  ON l.InvoiceId = i.InvoiceId;
```

क्वेरी चालते. लाल अक्षरांत कुठलीही तक्रार येत नाही. पण उत्तर खऱ्या विक्रीच्या सुमारे नऊपट येतं. जोडणी झाली की बिलाची एकूण रक्कम त्याच्या प्रत्येक ओळीपुढे पुन्हा छापली जाते. किराणा दुकानदाराने यादीतल्या प्रत्येक जिनसापुढे पूर्ण बिलाचा आकडा लिहावा आणि मग त्या सगळ्या आकड्यांची बेरीज करावी, तसंच हे. १४ गाण्यांचं १३.८६ चं एक बिल अशा बेरजेत १९४.०४ चं होऊन बसतं. एका गाण्याच्या बिलाला काहीच होत नाही. मोठी बिलं मात्र प्रमाणाबाहेर फुगतात, म्हणून नऊने भागूनही चूक दुरुस्त होत नाही.

ओळखायचं कसं? ताळा करून. जोडणी न करता नुसत्या `Invoice` मधली `Total` बेरीज करा : २,३२८.६०. मग `InvoiceLine` मधल्या प्रत्येक ओळीची किंमत गुणिले नग, अशी बेरीज करा : तीही २,३२८.६०. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की पुढे जायचं. अ‍ॅनालिस्टच्या कामाच्या पहिल्या वर्षात बऱ्याच वेळा हेच करावं लागतं, कारण खऱ्या कंपनीत विक्रीचा आकडा वित्त विभागाकडे एक असतो आणि अहवालात दुसरा. जी मुलगी पत्रात ‘मी ताळा केला’ असं लिहिते, ती न सांगता सांगते की क्वेरी चालणं आणि उत्तर बरोबर असणं यांतला फरक तिला कळलेला आहे.

दुसरा सापळा अर्थाचा, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेची विक्री ५२३.०६ येते, देशांत सर्वाधिक. आकडा बरोबर. पण ती एकूण विक्रीच्या साधारण २२ टक्के आहे, आणि ५९ पैकी १३ ग्राहक अमेरिकेचे आहेत, म्हणजे तेही २२ टक्केच. अमेरिकन माणसं जास्त गाणी विकत घेत नाहीत, यादीत ती जास्त आहेत, इतकंच. आणखी खोदलं तर दिसतं की जवळजवळ प्रत्येक ग्राहकाची बरोबर ७ बिलं आहेत. फक्त एकाची ६. खऱ्या दुकानात असं होत नाही. तिथे निम्मे लोक एकदा येऊन गायब होतात आणि मूठभर लोक दर आठवड्याला येतात. चिनूकमधली विक्री सरावासाठी बनवलेली आहे, म्हणून तिच्यातून ‘निष्ठावान ग्राहक’ शोधणं म्हणजे बनवणाऱ्याची पद्धत शोधणं. पत्रात असा शोध अभिमानाने लिहिला आणि समोरच्याला हा डेटाबेस माहीत असला, तर मुलाखतीतला पहिला प्रश्न तोच असेल.

या दोन गोष्टी हाताशी घेतल्या की पत्राचा मधला परिच्छेद वेगळाच होतो. मूळ पत्र इंग्रजीतच जाईल. इथे त्याचा मजकूर मराठीत देतो :

‘आपल्या जाहिरातीत शाखानिहाय मासिक विक्री अहवालाचा उल्लेख आहे. त्याच्या सर्वांत जवळचं काम मी तिसऱ्या वर्षाच्या डेटाबेस विषयात केलं. चिनूक या नमुना डेटाबेसमधील ४१२ बिलांवरून मी देशनिहाय विक्री काढली. बिलं आणि त्यातील ओळी जोडल्यावर एकूण विक्री सुमारे नऊपट दिसत होती. बिलाची रक्कम प्रत्येक ओळीपुढे पुन्हा मोजली जात होती. ओळींच्या पातळीवर बेरीज करून मी ती दुरुस्त केली आणि दोन्ही टेबलांतील एकूण रक्कम २,३२८.६० ला जुळवून घेतली. विक्रीत अमेरिका पहिली आली, पण तिचा विक्रीतील आणि ग्राहकसंख्येतील वाटा सारखाच, सुमारे २२ टक्के आहे. म्हणून अहवालात मी एकूण विक्रीसोबत प्रतिग्राहक विक्रीचा रकाना दिला. हा डेटा सरावासाठी तयार केलेला असल्याने ग्राहकांच्या सवयींबद्दल त्यातून निष्कर्ष काढलेले नाहीत. प्रोजेक्ट दोघींचा होता. क्वेरी आणि तपासणी माझी, तक्ते माझ्या सहकारी विद्यार्थिनीचे.’

यात ‘सीटीई’ नाही, ‘विंडो फंक्शन’ नाही, ‘पॅशनेट’ तर नाहीच. तांत्रिक शब्दांची यादी बायोडेटात द्यावी, तिथे ती शोभते आणि जाहिरातीतल्या शब्दांशी ती ताडूनही पाहिली जाते. पत्र बहुतेक वेळा आधी एचआरच्या माणसाकडे जातं. त्याला जॉइन म्हणजे काय ते माहीत असेलच असं नाही, पण ‘आकडा नऊपट दिसत होता, मी तो पकडला’ हे कुणालाही कळतं. पुढे तेच पत्र टीम लीडकडे गेलं की त्याला त्या वाक्यातली चूक नेमकी दिसते, कारण ती त्याने स्वतः कधीतरी केलेली असते.

शेवटच्या वाक्यातली वाटणी पुष्कळ विद्यार्थी गाळतात. चौघांच्या ग्रुप प्रोजेक्टवर चारही जण ‘मी केला’ असं लिहितात, आणि एकाच कॉलेजमधून एकाच कंपनीकडे चार अर्ज गेले की ती चार पत्रं एकाच टेबलावर येतात. आपला वाटा लहान असला तरी तो तेवढाच सांगितलेला बरा. फक्त तपासणी केली असेल तर तपासणीबद्दलच लिहावं. ज्युनिअरच्या जागेला तेही कमी नाही.

राहिलेलं पत्र लहान. सुरुवातीला कोणत्या जागेसाठी अर्ज आहे ते एका ओळीत, मग हा परिच्छेद, मग दुसरा प्रोजेक्ट असल्यास दोन वाक्यांत, आणि शेवटी रुजू कधी होता येईल ते. सगळं मिळून एक पान, अडीचशे-तीनशे शब्द. शाळेतल्या रजेच्या अर्जाची सवय इतकी मुरलेली असते की ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होऊन ‘युवर्स ओबीडियंटली’ने संपणारी पत्रं आजही येतात. वाचणारी व्यक्ती बाई असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि आज्ञाधारकपणा जाहिरातीत मागितलेला नाही. नाव माहीत असेल तर नावाने लिहावं, नसेल तर ‘हायरिंग टीम’ पुरे.

आकडे भरपूर द्यावेत असंही नाही. वरच्या परिच्छेदात मोजके आकडे आहेत आणि प्रत्येकामागे क्वेरी आहे. ‘रिपोर्टिंगचा वेळ ४० टक्के वाचवला’ यासारखी वाक्यं अनुभवी लोकांच्या पत्रांतून उचललेली असतात. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये रिपोर्टिंगच होत नव्हतं, मग वेळ कुणाचा वाचला? असा एक फुगवलेला आकडा सापडला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही विश्वास राहत नाही.

पत्रात गिटहबची लिंक द्यायची असेल, तर ती पाठवण्याआधी आपल्या खात्यातून लॉगआउट करून उघडून पाहावी. रिपॉझिटरी खाजगी राहिली असेल तर समोरच्याला पान सापडतच नाही. आत क्वेरीच्या फाइलसोबत ताळ्याची क्वेरीही ठेवावी आणि चिनूकची कोणती आवृत्ती वापरली ते लिहावं. जुन्या आवृत्तीतली बिलं २००९ ते २०१३ या काळातली आहेत, नव्या आवृत्तीत तीच बिलं २०२१ ते २०२५ मध्ये सरकवली आहेत. एकूण रक्कम तीच राहते, पण वर्षनिहाय तक्ता दिलेला असेल आणि आवृत्ती लिहिलेली नसेल, तर तपासणाऱ्याच्या संगणकावर त्यातलं एकही वर्ष जुळणार नाही.