पेशी फोडायची, पण प्लाझ्मिड राखायचं

ई. कोलाय जिवाणूच्या मुख्य डीएनएत सुमारे ४६ लाख बेस-जोड्या असतात. त्याच पेशीत प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी वर्तुळंही असू शकतात. प्रयोगशाळेत नेहमी लागणारं पीयूसी१९ हे प्लाझ्मिड तर अवघ्या २,६८६ जोड्यांचं. रसायन म्हणून दोन्ही एकच, मग निवडायचं कसं? बर्नबॉइम आणि डोली यांनी १९७९ साली यावर उपाय प्रसिद्ध केला, आणि आजच्या तयार किटमध्येही बहुधा तोच असतो.

रात्रभर वाढवलेलं दीड मिलिलिटर कल्चर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की जिवाणू तळाशी बसतात. वरचं पाणी ओतून त्यांत १०० मायक्रोलिटर पहिलं द्रावण घालायचं आणि एकही गुठळी न ठेवता ढवळायचं. यातलं ग्लुकोज पेशी अकाली फुटू देत नाही. ईडीटीए मॅग्नेशियम आणि कॅल्शियम पकडून ठेवतं. त्यामुळे पेशीचं बाहेरचं आवरण सैल पडतं आणि डीएनए तोडणारी एन्झाइम्सही थंडावतात.

खरी कसोटी दुसऱ्या द्रावणाची. २०० मायक्रोलिटरमध्ये एसडीएस हा डिटर्जंट आणि सोडियम हायड्रॉक्साइड असतं. एसडीएस आवरणातली चरबी विरघळवतो, प्रथिनं उलगडतो. हायड्रॉक्साइड डीएनएच्या दोन धाग्यांमधले हायड्रोजन बंध तोडतं. मुख्य डीएनए एव्हाना तुटलेला असल्याने त्याचे धागे एकमेकांपासून दूर जातात. प्लाझ्मिडचे दोन्ही धागे मात्र साखळीच्या कड्यांसारखे एकमेकांत अडकलेले. सुटले तरी लांब जाऊ शकत नाहीत. गढूळ द्रव आता स्वच्छ आणि तार धरण्याइतका चिकट होतो. नळी फक्त हळुवार उलटसुलट करायची. जोरात हलवली तर मुख्य डीएनएचे बारीक तुकडे होतात आणि ते शेवटी प्लाझ्मिडबरोबरच येतात.

पाच मिनिटांत तिसरं द्रावण घालायचं: १५० मायक्रोलिटर आम्लधर्मी पोटॅशियम अॅसिटेट. अल्कली निष्प्रभ होताच प्लाझ्मिडचे धागे झटकन जुळतात. मुख्य डीएनएच्या लांब धाग्यांना जोडीदार सापडत नाही, त्यांचा गुंता होतो. शिवाय पोटॅशियम आणि एसडीएस मिळून न विरघळणारा पांढरा साका बनतो. प्रथिनं आणि तो गुंता त्यातच अडकतात. सेंट्रिफ्यूज केल्यावर वरचा निवळ द्रव तेवढा घ्यायचा. त्यात दुप्पट इथेनॉल घालून प्लाझ्मिड खाली बसवायचं, ७० टक्के इथेनॉलने धुवायचं आणि बफरमध्ये विरघळवायचं. सोबत आलेला आरएनए आरएनेझ घालून नष्ट करतात.

कुठे चुकलं ते अगारोज जेल दाखवतं. वरच्या भागात धूसर पट्टा दिसला तर मिसळताना हात जड पडला होता. तळाशी पसरट उजेड दिसला तर आरएनए उरला आहे. प्लाझ्मिडच्या नेहमीच्या पट्टीच्या पुढे एक जास्तीची पट्टी धावली, तर अल्कलीत वेळ जास्त गेला आणि काही वर्तुळं कायमची बिघडली असा संशय घ्यावा. अशी वर्तुळं रिस्ट्रिक्शन एन्झाइमने नीट कापली जात नाहीत. ती पट्टी ठळक असेल तर हट्ट न धरता नव्या कल्चरपासून सुरुवात करावी. आणि थंडीत दुसऱ्या द्रावणाच्या बाटलीत पांढरे कण दिसले तर तो गोठलेला एसडीएस असतो. बाटली कोमट पाण्यात ठेवून ते विरघळवल्याशिवाय वापरू नये.