पाकिटावरचे नाव, पत्रावरचे नाव

"या महिन्याचे बिल सोबत जोडले आहे" एवढ्या दोन ओळींचा मेल ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडला, की पहिला संशय मजकुरावर येतो. विषयाची ओळ बदलली जाते, जोडलेली फाइल लहान केली जाते. गेल्या वीस वर्षांत मेल तपासण्याच्या पद्धती कशा बदलत गेल्या हे पाहिले, तर दोष बहुधा वेगळ्याच ठिकाणी सापडतो. आता मेल काय म्हणतो याच्या आधी तो खरोखर कोणाचा आहे, हे पाहिले जाते.

1982 साली ठरलेल्या एसएमटीपी या टपालपद्धतीत ही चौकशी नव्हतीच. तिच्यात पाठवणाऱ्याचे नाव दोनदा येते. एक पाकिटावर, जे सर्व्हर एकमेकांना सांगतात आणि मेल परत आला तर जिथे जातो. दुसरे आतल्या पत्रावर, जे वाचणाऱ्याला दिसते. दोन्ही नावे जुळली पाहिजेत असा नियम नव्हता, आणि फसवणूक करणाऱ्यांना याच फटीतून वाट मिळाली. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एसपीएफने पाकिटावरच्या डोमेनला आपल्या डीएनएसमध्ये परवानगी असलेल्या सर्व्हरची यादी लावायला सांगितले. 2007 च्या डीकेआयएमने मेलवर डिजिटल सही आणली. पण वाचणाऱ्याला दिसणारे नाव दोघांनीही मोकळेच सोडले. ठगाने स्वतःच्या डोमेनची यादी आणि सही नीट लावली, तर पत्रावर बँकेचे नाव घालूनही तो दोन्ही परीक्षा पास होत असे. 2012 मध्ये पुढे आलेल्या डीमार्कने ही फट बुजवली: पास झालेल्या एसपीएफचे किंवा डीकेआयएमचे डोमेन पत्रावरच्या डोमेनशी जुळले पाहिजे, आणि दोन्ही जुळली नाहीत तर मेलचे काय करायचे हे त्या डोमेनच्या मालकाने जाहीर करावे.

प्रामाणिक व्यावसायिक अडकतो तो इथेच. समजा, एका कंपनीची बिले हिशेबाच्या ऑनलाइन सेवेतून जातात. स्पॅममध्ये गेलेल्या बिलाचा मूळ मजकूर जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल'ने उघडला, तर साधारण असे दिसते:

```
spf=pass  smtp.mailfrom=bounce.vendor.example
dkim=pass header.i=@vendor.example
dmarc=fail (p=QUARANTINE) header.from=firm.example
```

दोन ठिकाणी 'पास' दिसल्यावर माणूस निर्धास्त होतो. पण पाकीट सेवेचे, सही सेवेची आणि नाव मात्र कंपनीचे. शिवाय `p=QUARANTINE` ही सूचना कंपनीनेच लावलेली आहे. म्हणजे जुळत नसलेली आपली बिले स्पॅममध्ये टाका, असे तिनेच जगाला सांगून ठेवले आहे. यावर हमखास केला जाणारा उपाय म्हणजे कंपनीच्या एसपीएफ नोंदीत त्या सेवेचे नाव घालणे. त्याने काही साधत नाही, कारण एसपीएफ पाकिटावरचे डोमेन तपासते आणि ते सेवेचेच राहते. त्यात कोणी जुनी नोंद न सुधारता दुसरी एसपीएफ नोंद लावली, तर एका डोमेनला दोन नोंदी झाल्याने `permerror` येतो आणि कंपनीचे एरवीचे मेलही अडचणीत येतात. खरा उपाय सेवेच्या सेटिंगमध्ये असतो. तिथे आपले डोमेन जोडायचे आणि ती देईल त्या डीकेआयएम नोंदी आपल्या डीएनएसमध्ये भरायच्या. मग सहीत `header.i=@firm.example` दिसते आणि डीमार्क पास होते. दोहोंपैकी एक जुळले तरी पुरते.

यावर एक आक्षेप असा, की हे नियम बड्यांसाठी आहेत. फेब्रुवारी 2024 पासून गुगल आणि याहूने घाऊक मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे केले; गुगलच्या लेखी घाऊक म्हणजे जीमेलच्या खात्यांवर दिवसाला सुमारे 5000 मेल. मे 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टनेही तोच आकडा धरला. पण गुगलची निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम असण्याची अट लहान-मोठ्या सर्वांना आहे, आणि वरच्या उदाहरणातले बिल तर कंपनीच्या स्वतःच्या सूचनेने अडकले. तिथे मेलच्या संख्येचा संबंधच नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्पॅम पाठवणाराही नवे डोमेन घेऊन तिन्ही नोंदी लावतो. मग या खटाटोपाचा उपयोग काय? नोंदींनी सज्जनपणा सिद्ध होत नाही, हे खरेच. सिद्ध होते ती ओळख, आणि पत किंवा बदनामी त्या ओळखीच्या खात्यावर जमा होते. म्हणून गुगल घाऊक पाठवणाऱ्यांकडून स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवण्याची वेगळी अपेक्षा करते. सगळ्या नोंदी चोख असूनही ग्राहक तक्रार करत असतील, तर मेल स्पॅममध्ये जाणारच.

सक्तीची किंमतही मोजावी लागली आहे. एप्रिल 2014 मध्ये याहूने न जुळणारे मेल सरळ नाकारायला सांगितले, तेव्हा मेलिंग लिस्टमधून फिरणारे याहू सदस्यांचे खरे मेलही परत येऊ लागले. वाटेत मजकूर बदलल्याने सही मोडत होती आणि पाठवणारा सर्व्हरही वेगळा होता. यावरून डीमार्क टाळावे असे ठरत नाही. क्रम मात्र ठरतो. आधी `p=none` ठेवून अहवाल मागवावेत. बिले, पगारपत्रके, जाहिराती आपल्या नावाने कुठकुठून जातात, हे त्यांतून कळते. एकेक सेवा जुळवून घेतल्यावरच सूचना कडक करावी. ज्या कंपन्यांनी हा क्रम उलटा केला, त्यांची बिले त्यांच्याच हुकमाने स्पॅममध्ये जातात.