इसार जप्त केला, पण रिटर्नमध्ये दाखवला का?

समजा खामगावात तुमचा प्लॉट आहे. मार्च २०२४ मध्ये २० लाखांत सौदा ठरला, २ लाख इसार चेकने आला. घेणाऱ्याने मुदतीत खरेदी केली नाही. ऑगस्टमध्ये तुम्ही पत्र देऊन सौदा रद्द केला आणि इसार पावतीतल्या अटीप्रमाणे पैसे जप्त केले.

पुढे आयकर अधिकाऱ्याची नोटीस येते: हे २ लाख उत्पन्नात का नाहीत? "प्लॉट विकलाच नाही, मग उत्पन्न कसलं?" हे उत्तर तिथे चालत नाही.

आधी ही रक्कम प्लॉटच्या मूळ किमतीतून वजा व्हायची, टॅक्सचा हिशोब विक्रीच्या वेळी. १ एप्रिल २०१४ पासून जप्त केलेला इसार मात्र कलम ५६ खाली 'इतर उत्पन्न' धरतात, टॅक्स तुमच्या स्लॅबने. तो एकदा उत्पन्नात आला की मूळ किमतीतून पुन्हा वजा होत नाही.

वर्ष कोणतं? पैसे आले ते नाही, जप्त केले ते. म्हणजे इथे २०२४-२५. म्हणून रद्द केल्याचं पत्र आणि पोचपावती जपून ठेवा, नोटिशीच्या उत्तराला तीच जोडायची.

जमीन शेतीची असेल तर आधी अंतर बघा. नगरपालिकेची लोकसंख्या दहा हजारांवर आणि एक लाखापर्यंत असेल, तर हद्दीपासून २ किलोमीटरपलीकडची शेती आयकरात 'भांडवली मालमत्ता' नसते, आणि हा नियम फक्त भांडवली मालमत्तेच्या इसाराला आहे. तिथे उत्तरासोबत सातबारा आणि अंतराचा दाखला द्या.